काट्यावरची रिकामी गाडी

कोल्हापूर, रविवार

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रंकाळ्यावर फिरताना तू विचारलंस, "काका, अकाउंट्सचं काम वीस वर्षांनी राहील का? की आत्ताच डेटा अॅनालिटिक्सचा कोर्स करू?" तेव्हा मी नीट उत्तर दिलं नाही. चालता चालता देण्यासारखं ते नव्हतं. म्हणून आज निवांत बसून लिहितोय.

पुढची वीस वर्षं मला दिसत नाहीत, मागची पस्तीस दिसतात. तिथूनच सुरुवात करतो.

मी शाहूपुरीत गुळाच्या एका अडत दुकानात लागलो तेव्हा कीर्द आणि खतावणी हातानं लिहायची. महिनाअखेरीला तेरीज काढायची, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा आणि नावे बाजूंच्या बेरजा समोरासमोर लावायच्या, आणि ती जुळायची नाही. मग रात्री दिवाणजी शेजारी बसवून शिकवायचे. फरक किती? एकशे ऐंशी. नवानं भाग जातो का? जातो. म्हणजे कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली आहे, ५,६४० चे ५,४६० लिहिले गेले असतील. नवानं भाग जात नसेल तर फरकाची निम्मी रक्कम शोधायची, कारण जमेची रक्कम नावे पडली की फरक दुप्पट येतो. या दोन युक्त्यांवर मी कितीतरी रात्री वाचवल्या. मग कॉम्प्युटर आला, टॅली आलं, आणि तेरीज आपोआप जुळायला लागली. नवाच्या भागाकाराचं काम त्या दिवशी संपलं. विक्रीकर गेला, व्हॅट आला. जकात गेली, एलबीटी आला, तोही गेला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. प्रत्येक वेळी आम्ही पाठ केलेलं बरंचसं वाया गेलं. टिकलं ते एकच: समोरची नोंद कोणत्या खऱ्या वस्तूबद्दल आहे आणि ती वस्तू कुणी, कुठे, कशी मोजली, हे विचारायची सवय. दिवाणजी तेरीज जुळल्यावरही गोदामात जाऊन ढेपा मोजायचे. मला तेव्हा ते उगाच वाटायचं.

आता आजचं काम सांगतो. मी आता हिशेब बघतो त्या फौंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, महिन्याला चारशेच्या आसपास खरेदीची बिलं येतात. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर मागच्या महिन्याचं २बी तयार होतं. आपल्या पुरवठादारांनी आपल्या नावावर कोणकोणती बिलं दाखवली, त्याची ती यादी. १ जानेवारी २०२२ पासून नियम असा आहे की बिल त्या यादीत आलं नाही तर त्यावरच्या कराची वजावट आपल्याला मिळत नाही. म्हणून आपलं खरेदी रजिस्टर आणि २बी ओळीला ओळ लावून जुळवावं लागतं. सुरुवातीला हे दोघंजण तीन दिवस करायचे, एक वाचायचा आणि दुसरा टिक मारायचा. नंतर एक्सेलवर एक दिवस लागायचा. आता सॉफ्टवेअर चहा यायच्या आत करतं. बिल नंबर एकीकडे ०१४५ आणि दुसरीकडे नुसता १४५ असला तरी त्याला कळतं. कोणता पुरवठादार तिमाही रिटर्न भरतो, कुणाचं बिल पुढच्या महिन्यात गेलंय, हेही ते सांगतं. बिलं हातानं भरायचं कामही जवळजवळ गेलं. ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे, त्यामुळे त्यांची बिलं मुळातच मशीनला वाचता येतील अशी जन्माला येतात. उरलेल्यांच्या कागदाचा फोटो काढला तरी नवी सॉफ्टवेअर तो वाचतात.

तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. आमच्याकडे बिलं भरायला आणि जुळवायला तिघं होते, आज एक आहे. कुणाला काढलं नाही. एक निवृत्त झाले, एकजण गाव सोडून गेला, आणि त्यांच्या जागा भरल्या नाहीत. कारकुनी काम असंच कमी होतं. त्यातही नव्यानं येणाऱ्यांची पहिली पायरीच गळते, आणि मला काळजी त्याचीच आहे, कारण आम्ही जे शिकलो ते त्याच पायरीवर बसून शिकलो.

आता गेल्या वर्षीची एक गोष्ट सांगतो. ती सविस्तर सांगणार आहे, कारण तुझ्या प्रश्नाचं माझ्याकडे असलेलं उत्तर तिच्यात आहे.

फौंड्रीत भट्टीत पत्र्याचं भंगार, बीड आणि आपलंच परत आलेलं रनर-रायझर, म्हणजे ओतकामात साच्यात जास्तीचं उरलेलं लोखंड, घालतात. वितळताना थोडा माल जळतो, थोडा स्लॅगबरोबर, म्हणजे वर तरंगणाऱ्या मळीबरोबर, जातो. याला आम्ही घट म्हणतो. आमची घट वर्षानुवर्षं चार टक्क्यांच्या आसपास असायची. गेल्या वर्षी ती पावणेपाचवर गेली. महिन्याला तिन्ही मिळून ८०० टन माल भट्टीत जातो, म्हणजे पाऊण टक्क्याला सहा टन. आमचं रिपोर्टिंगचं नवं सॉफ्टवेअर आकड्यांबरोबर दोन ओळींचं स्पष्टीकरणही लिहून देतं. त्यानं लिहिलं, पावसाळ्यामुळे भंगार गंजलेलं आणि मातीचं येत असावं, त्यामुळे घट वाढली. वाक्य इतकं सरळ आणि पटण्यासारखं होतं की मिटिंगमध्ये सगळ्यांनी मान डोलावली. मीही. पुढच्या महिन्यात तसंच झालं, त्याच्या पुढच्याही. पावसाळा संपला तरी आकडा उतरेना, तेव्हा मी उठून भट्टीवर गेलो.

तिथल्या मिस्त्रींना विचारलं, "भंगार लई खराब येतंय का हो?" ते म्हणाले, "खराब असतं तर स्लॅग काढून काढून माझा हात मोडला असता सायेब. स्लॅग हाय तेवढाच हाय."

मी तिथेच थांबलो. गंज आणि माती वितळून लोखंड होत नाहीत, ती स्लॅग होऊन वर येतात. माल खराब असेल तर स्लॅग वाढलाच पाहिजे. स्लॅग वाढला नाही आणि लोखंडही कमी, याचा अर्थ ते भट्टीत जळत नव्हतं. ते भट्टीत गेलंच नव्हतं.

मग मी मिस्त्रींची हीटची वही मागितली. भट्टी एकदा भरून वितळवली की ती एक हीट. प्रत्येक हीटला बादलीनं किती माल घातला ते क्रेनच्या काट्यावर वजन करून ते लिहितात. त्या महिन्याची भंगाराची बेरीज आली ३९६ टन. आमच्या पुस्तकात खप होता ४०२ टन. पुस्तकातला खप आम्ही कसा काढतो? सुरुवातीचा शिल्लक माल ६० टन, अधिक खरेदी ४०० टन, वजा यार्डात मोजलेली शेवटची शिल्लक ५८ टन. म्हणजे भट्टीनं ३९६ खाल्लं आणि पुस्तक म्हणतंय ४०२. मधले सहा टन एक तर यार्डातून चोरीला गेले, नाहीतर गेटातून कधी आलेच नाहीत.

यार्डात कॅमेरे आहेत, चोरीचं काही दिसेना. मग गेटच्या वजनकाट्याच्या पावत्या काढल्या. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, आणि त्यांची वजाबाकी म्हणजे माल. एका पुरवठादाराची एकच गाडी महिन्याला २२ फेऱ्या करायची, दर फेरीला साधारण नऊ टन. तिच्या पावत्या एकाखाली एक लावल्या आणि रिकाम्या वजनाचा रकाना पाहिला. ६,१२०. ६,१२०. ६,१२०. बावीसच्या बावीस वेळा.

तू म्हणशील, गाडी तीच, मग वजन तेच असणार. नाही बाळ. गाडीत डिझेल कधी अर्धं असतं, कधी भरलेलं. कधी क्लीनर बसलेला असतो, कधी टायरला चिखल, कधी ताडपत्री भिजलेली. खरोखर मोजलेलं रिकामं वजन दहा-वीस किलोनं तरी हलतंच. तीन आठवडे जो आकडा किलोभरही हलला नाही, तो काट्यानं मोजलेला नाही, कुणीतरी भरून ठेवलेला आहे. झालं तसंच होतं. गर्दीच्या वेळी गाडी खाली करून पुन्हा काट्यावर आणायला वीस मिनिटं जातात, म्हणून काट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तिचं आरसी बुकातलं वजन कायमचं भरून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ती गाडी रिकामी करून काट्यावर घ्यायला लावली. ६,४०० किलो भरली. गाडीच्या मालकानं पाच महिन्यांपूर्वी हौद्यात खाली जाड पत्रा मारून घेतला होता, भंगारानं फळ्या फाटतात म्हणून. त्याच्या मनात काही वावगं नव्हतं, आणि पुरवठादाराच्याही नाही. पण दर फेरीला २८० किलो पत्र्याचे पैसे आम्ही भंगार म्हणून देत होतो. बावीस फेऱ्यांचे ६,१६० किलो, ३८ रुपये किलोनं महिन्याला २,३४,०८० रुपये, आणि कर वेगळा. पाच महिन्यांचे झाले अकरा लाख सत्तर हजार.

आता हे लक्ष देऊन वाच. या पाच महिन्यांत आमच्याकडे काहीच चुकीचं दिसत नव्हतं. पुरवठादाराच्या बिलावरचं वजन आमच्या गेटच्या पावतीशी जुळत होतं, बिल खरेदी रजिस्टरशी जुळत होतं, आणि रजिस्टर २बीशी. सगळीकडे हिरवी टिक. का? तर पुरवठादार जिथे वजन करायचा त्या काट्यावरही आरसी बुकातलेच ६,१२० धरत होते. दोन काटे, दोन गावं, पण आकडा एकाच पुस्तकातून आलेला. त्यानंतरची सगळी कागदपत्रं त्या एका आकड्याच्या नकला होत्या. नकला एकमेकींशी जुळणारच, आणि सॉफ्टवेअर त्या बिनचूक जुळवून देत होतं. हीटच्या वहीतला आकडा तेवढा वेगळ्या काट्यावरून, वेगळ्या माणसाच्या हातून, वेगळ्या कारणासाठी आला होता. म्हणून तो खरं सांगू शकला.

माझ्या मते पुढची वीस वर्षं उपयोगी पडेल असं पहिलं कौशल्य हे आहे. दोन आकडे जुळले की विचारायचं, हे दोन्ही एकाच ठिकाणाहून तर आले नाहीत ना? कामं जशी आपोआप होत जातील तसा हा प्रश्न जास्त लागेल, कारण आपोआप होणाऱ्या कामात मधे कुणी पुन्हा मोजत नाही. पूर्वी एका बिलाचा आकडा चार हातांनी चार ठिकाणी लिहिला जायचा. चुका व्हायच्या, पण चार जणांची नजरही पडायची. आता पहिल्या ठिकाणी जे पडलं ते शेवटपर्यंत तसंच वाहत जातं.

त्या प्रसंगानंतर आम्ही काय केलं तेही सांगतो, नाहीतर तुला वाटेल काका मशीनच्या विरोधात आहेत. काट्याच्या पावत्या दर महिन्याला एक्सेलमध्ये उतरतात. बी रकान्यात गाडीचा नंबर, एफ रकान्यात रिकामं वजन. त्यावर एवढंच सूत्र लावलं:

```
=MAXIFS(F:F,B:B,B2)-MINIFS(F:F,B:B,B2)
```

म्हणजे त्या गाडीचं महिन्यातलं सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी रिकामं वजन, यांतला फरक. चार-पाच फेऱ्या झालेल्या गाडीपुढे शून्य आलं की ती गाडी मोजली जात नाही हे समजायचं. पहिल्याच महिन्यात आणखी तीन गाड्या सापडल्या. आता हे काम मशीनच करतं, आणि कोणताही माणूस रोज करेल त्यापेक्षा चांगलं करतं. पण काय तपासायचं हे आधी भट्टीवरून कळावं लागलं. उद्या काट्यावर कॅमेरा येईल, रिकाम्या वजनाशिवाय पावतीच निघणार नाही, आणि माझं हे सूत्रही नवाच्या भागाकारासारखं संपेल. संपू दे. तेव्हा दुसऱ्या कुठल्यातरी जागी दोन आकडे एकाच उगमातून येत असतील.

दुसरं कौशल्य म्हणजे अंदाज. तुला वाटेल, आकडेमोड मशीन करतं, मग डोक्यात कशाला? पण मिटिंगमध्ये मी मान डोलावली ती तिथेच चुकली. पाऊण टक्का ऐकून मला काही वाटलं नाही. 'सहा टन' असं मनात म्हटलं असतं तर लगेच उठलो असतो, कारण सहा टन माती भंगारात आली असती तर ती यार्डात ढिगानं दिसली असती. टक्क्याचे टन करायचे, टनाच्या गाड्या करायच्या, गाड्यांचे रुपये करायचे, हे डोक्यात चालू राहिलं पाहिजे. नव्या सॉफ्टवेअरनं लिहिलेली कारणं वाचताना तर फारच. ती आकड्यांवरून लिहिलेली असतात, आणि आकड्यांत स्लॅगची नोंद नव्हती. जे नोंदलंच नाही ते कारणात येणार नाही, आणि वाक्य मात्र पूर्ण असेल.

तिसरं, बोलणं. ते पैसे परत कसे आले असं तुला वाटतं? मी पुरवठादाराला ईमेल पाठवला असता तर त्यानं वकिलाकडे धाव घेतली असती. तीस वर्षांचा व्यवहार आहे त्यांचा आणि आमचा. मी त्यांना फौंड्रीत बोलावलं, चहा झाला, आणि मग त्यांच्यासमोर त्यांचीच गाडी काट्यावर घेतली. आकडा त्यांनी स्वतः वाचला. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, एकदम झेपणार नाही, तीन महिन्यांत क्रेडिट नोट देतो. दिल्या. त्यासाठी क्रेडिट नोट कायद्यात केव्हापर्यंत चालते हे मला माहीत असावं लागलं: आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक रिटर्न भरेपर्यंत, यांतलं जे आधी येईल ते. ही तारीख उद्या बदलेल, पूर्वीही बदललेली आहे. कलम मूळ शब्दांत काढून वाचायची सवय मात्र लाव, दुसऱ्यानं केलेल्या सारांशावर राहू नको. रिटर्नवर ज्याची सही असते त्याला अधिकाऱ्यासमोर 'सॉफ्टवेअरनं असं सांगितलं' म्हणता येत नाही. चुकीची वजावट घेऊन वापरली तर अठरा टक्के व्याज लागतं, आणि ते सही करणाऱ्याच्या कंपनीला लागतं.

आता तुझा खरा प्रश्न. कोर्स कर, पण संध्याकाळचा कर. डेटाबेसला प्रश्न विचारता येणं, दोन याद्या कोडनं जोडता येणं, हे तुझ्या पिढीला लिहिण्यावाचण्यासारखं लागणार आहे, आणि ते सहा महिन्यांत येतं. दिवसा मात्र नोकरी धर. तुझ्यापुढे दोन जागा आहेत असं तू म्हणालीस. एक शहरातली, जिथे बाहेरगावच्या कंपन्यांची बिलं पीडीएफनं येतात आणि दिवसभर स्क्रीनवर जुळवायची. पगार तिथे जास्त आहे. दुसरी शिरोलीतली, कमी पगाराची, ऑफिस आणि कारखाना एकाच आवारात. मी शिरोलीची घेईन. पहिल्या जागेत तुझ्यासमोर फक्त नकला येतील, मूळ वस्तू कधी दिसणारच नाही, आणि नकला जुळवण्यात मशीन तुझ्या पुढे राहणार. मुलाखतीत एकच विचार: मला गेटवर, स्टोअरमध्ये आणि शॉप फ्लोअरवर जाऊ देणार का? उत्तर देताना ते बिचकले तर तीही जागा घेऊ नको.

लागलीस की पहिल्या वर्षात एक गोष्ट कर. दर महिन्याला एक पुरवठादार निवड आणि त्याचं एक बिल मुळापासून हातानं जुळव. गाडी गेटात शिरल्यापासून: काटा, स्टोअरची पावती, तपासणीचा शेरा, बिल, २बी, बँकेतून गेलेला पैसा. प्रत्येक टप्प्यावर आकडा कुणी मोजला आणि कुणी नुसता उतरवला ते वेगळ्या शाईनं लिही. सॉफ्टवेअरनं ते बिल आधीच जुळवलेलं असेल, साहेब म्हणतील वेळ कशाला घालवतेस. घालव. आम्हाला हे शिकवण्यासाठी कुणाला वेगळा वेळ द्यावा लागला नाही, ते आमच्या रोजच्या कामातच होतं. तुझ्या कामातून ते निघून गेलंय, म्हणून तुला ते मुद्दाम मागून घ्यावं लागेल. बारा महिन्यांत बारा पुरवठादार होतील. वर्षअखेरीला ते कागद घेऊन माझ्याकडे ये.

सुरुवात इथेच करायची असेल तर शनिवारी दुपारी फौंड्रीत ये. भंगाराची शेवटची गाडी साडेचारच्या सुमाराला खाली होते. काट्यावर तू उभी राहा, रिकामं वजन तू वाच. पायांत बूट घाल, यार्डात पत्र्याचे तुकडे असतात. आईला सांग, रात्रीचं जेवण आमच्याकडेच.

तुझा,
काका